चाळीस मिनिटांचं उत्तर, साडेतीन हजार शब्दांचा निबंध : काळाराम सत्याग्रहावरच्या नोंदी

१२ डिसेंबर

अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका आज हातात मिळाल्या. नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी केलेल्या सत्याग्रहावरच्या प्रश्नाला पंधरापैकी अकरा. शेजारी मॅडमनी लाल पेनाने लिहिलं होतं, 'सेमिनारला हेच घे. पण हे असंच आणू नकोस.'

मला वाटलं, निम्मं काम झालंच की. उत्तर तयार आहे, थोडं वाढवायचं, खाली तळटीपा टाकायच्या. सात फेब्रुवारीला वाचायचा आहे. वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं प्रश्न, लेखी निबंध साडेतीन हजार शब्दांच्या आसपास.

संध्याकाळी उत्तर जसंच्या तसं टाइप केलं. अर्धवट वाक्यं, खाडाखोड, सगळं. ६४० शब्द भरले. चाळीस मिनिटांत हात दुखेस्तोवर लिहिलं होतं, तेव्हा हे केवढं मोठं वाटत होतं!

१४ डिसेंबर

वाक्यं मोजली. एकूण एक्केचाळीस. प्रत्येकापुढे पेन्सिलीने एक अक्षर घातलं. जिथे घटना, आकडा किंवा तारीख आहे तिथे 'पु', म्हणजे पुरावा हवा. जिथे माझं मत आहे तिथे 'म'. जिथे नुसती भर आहे तिथे 'भ'. पु बावीस, म अकरा, भ आठ.

'भ' वाचताना लाज वाटली. 'हा लढा सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला' असलं वाक्य परीक्षेत पुढची तारीख आठवेपर्यंतचा वेळ काढायला बरं असतं. आठही उडवली.

खरा धक्का 'म' वाल्या अकरा वाक्यांनी दिला. त्यांपैकी सात एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत होती: सत्याग्रह देवदर्शनासाठी नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता. आणि या सातही वाक्यांच्या खाली आधार म्हणून एकच गोष्ट होती, बाबासाहेबांनी आपले नाशिकचे सहकारी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेलं पत्र. ते पत्र आमच्या नोट्समध्ये आहे, सगळ्यांनी उत्तरात घातलंय.

१७ डिसेंबर

मॅडमना भेटले. त्यांनी उत्तर बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पत्र कधीचं?"

"३ मार्च १९३४."

"सत्याग्रह कधी सुरू झाला?"

"२ मार्च १९३०."

मग त्या काही बोलल्याच नाहीत. खिडकीबाहेर बघत बसल्या. मला कळायला अर्धं मिनिट लागलं. सत्याग्रह सुरू करताना मनात काय होतं याचा पुरावा म्हणून मी चार वर्षं आणि एक दिवसानंतरचं पत्र दिलं होतं.

परीक्षेत हे खपतं, कारण तिथे पत्र माहीत असणं हीच मोठी गोष्ट. निबंधात पहिला प्रश्नच हा येणार. जाताना म्हणाल्या, "पत्र टाकून देऊ नकोस. फक्त त्याला त्याच्या जागी बसव." जागा कुठली ते काही सांगितलं नाही.

२१ डिसेंबर

पत्र पूर्ण वाचलं. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालेच्या सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात आहे. नोट्समध्ये होती ती मधली चार वाक्यं. पत्राची सुरुवात आम्ही कुणीच वाचलेली नव्हती.

येत्या रामनवमीला काळारामला पुन्हा सत्याग्रह सुरू करावा का, हे गायकवाडांनी विचारलेलं होतं आणि हे त्याचं उत्तर आहे. बाबासाहेब म्हणतात, करू नका. मग कारण सांगतात. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ मी सुरू केली नव्हती, मंदिरात गेल्याने ते हिंदू समाजात बरोबरीचे होतील असंही मला वाटत नव्हतं. त्यांच्यात चेतना यावी, स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याला हा उत्तम मार्ग वाटला. ते साधलं आहे. आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावा.

म्हणजे हे थांबवण्यासाठी लिहिलेलं पत्र आहे. जो माणूस चार वर्षं झिजलाय, तुरुंगात जाऊन आलाय, त्या सहकाऱ्याला 'आता पुरे' म्हणताना माणूस मागच्या सगळ्याचा अर्थ एका विशिष्ट बाजूने लावणारच. ते खोटं आहे असं मुळीच नाही. पण १९३४ च्या गरजेतून १९३० कडे बघणं आहे ते. चार वाक्यांच्या उताऱ्यात हे दिसूच शकत नाही.

नियम करून टाकला: नोट्समधून घेतलेला कुठलाही उतारा मूळ जागी जाऊन, आधीचं पान आणि नंतरचं पान वाचल्याशिवाय निबंधात घ्यायचा नाही.

२६ डिसेंबर

आता १९३० चा पुरावा १९३० मधूनच हवा. सोपं वाटलं. चळवळीचं वर्तमानपत्र काढायचं, मार्चचे अंक वाचायचे.

अंकच नाहीत. 'बहिष्कृत भारत' १५ नोव्हेंबर १९२९ ला बंद पडलं. 'जनता' निघालं २४ नोव्हेंबर १९३० ला. सत्याग्रह सुरू झाला नेमका मधल्या वर्षात. चळवळ सगळ्यात जास्त बोलत होती तेव्हा तिच्याकडे स्वतःचं नियमित पत्रच नव्हतं.

म्हणून पहिल्या आठवड्यांचं जे चित्र आपल्याकडे येतं, ते बरंचसं दुसऱ्यांच्या डोळ्यांनी आलेलं आहे: पोलिसांचे गुप्त अहवाल, इंग्रजी वर्तमानपत्रं, मराठीतली सवर्ण संपादकांची पत्रं. शासनाने १९८२ मध्ये छापलेल्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात यातलं बरंच एकत्र मिळतं. पोलिसांचं लक्ष कशावर? गर्दी किती, कोण बोललं, दंगा होईल का. माणसं का आली होती, हे त्यांना विचारायचंच नव्हतं.

हे मला उत्तर लिहिताना माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं, कारण 'साधनं काय आहेत' याला परीक्षेत गुण नाहीत. निबंधात मात्र याला स्वतंत्र परिच्छेद देणार आहे, तोही सुरुवातीलाच.

२९ डिसेंबर

थंडी जबरदस्त. सार्वजनिक वाचनालयात हात चोळत बसले. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र. माझ्याकडच्या झेरॉक्सवरची पानं आणि वाचनालयातल्या प्रतीची पानं जुळत नाहीत. १९५४ चं पुस्तक, नंतर सुधारित आवृत्त्या आणि पुनर्मुद्रणं. झेरॉक्सवर आवृत्तीचं पानच नाही, कारण दोन रुपये वाचवायला मी ते काढलंच नव्हतं. आता सगळ्या तळटीपा वाचनालयाच्या प्रतीवरून पुन्हा. शीर्षकपान आणि त्यामागचं पान, दोन्हींचा फोटो आज काढला. यापुढे पुस्तक उघडलं की आधी हेच.

आकड्यांचं बघितलं. उत्तरात मी लिहिलं होतं, 'पंधरा हजार सत्याग्रहींनी मंदिराला वेढा घातला.' कीरांकडे पंधरा हजार आहेत, पण ते नाशिकला जमलेले स्वयंसेवक आणि प्रतिनिधी. दारांवर बसायला गेलेली पहिली तुकडी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची, चार दरवाजांवर वाटून. नोट्समध्ये हे दोन आकडे कधीतरी एकमेकांना चिकटले आणि माझ्या उत्तरात पंधरा हजारांचा वेढा पडला.

दीडशे माणसं चार दारांवर. घरी जाताना पंचवटीत वळले. पूर्वेच्या दारापाशी उभी राहून अंदाज घेतला, एका दाराला साधारण पस्तीस-चाळीस जण. आत बंद मंदिर, बाहेर ही माणसं. पंधरा हजारांपेक्षा हे चित्र मला जास्त जड वाटलं. पण 'जड वाटलं' निबंधात जात नाही, इथेच राहू दे.

३ जानेवारी

आज आजीने मला पकडलं.

मी मोठ्याने वाचत होते: '९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या दिवशी रथ ओढण्यावरून संघर्ष झाला.' आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "नवमीला कसला रथ? रथ एकादशीला असतो. कामदा एकादशीला. जन्मापासून बघतेय."

बरोबर आहे की! नाशिकमध्ये राहून मीसुद्धा दरवर्षी बघते. नवमीला जन्मोत्सव, मग दोन दिवसांनी रामरथ आणि गरुडरथ. पण नोट्समध्ये 'रामनवमी' होतं म्हणून डोळे झाकून लिहिलं.

मग चुकलं काय, तारीख की सण? १९३० चं पंचांग हाताशी नव्हतं. पण १३ एप्रिल १९३० ला खंडग्रास चंद्रग्रहण होतं हे मिळालं, आणि चंद्रग्रहण पौर्णिमा संपतानाच लागतं. ग्रहणाचा मध्य भारतीय वेळेने सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे पौर्णिमाही तेव्हाच संपली. तिथून तिथ्या मागे मोजल्या. एक तिथी साधारण एका दिवसाची. पौर्णिमा १२ च्या दुपारपासून, चतुर्दशी ११ च्या, त्रयोदशी १० च्या, द्वादशी ९ च्या. म्हणजे ९ एप्रिलला सूर्योदयाला एकादशी होती आणि नवमी ६-७ एप्रिलला होऊन गेली होती.

तारीख बरोबर, सणाचं नाव चूक. रथ एकादशीलाच होता.

हे निबंधात फक्त एका तळटीपेत जाईल, तीन ओळी. तिथीचं गणित स्थूल आहे हेही तिथे लिहीन. आजीचं नाव घालता येत नाही म्हणून तिला वाईट वाटलं नाही, पण मला वाटलं.

८ जानेवारी

आज खरं काम झालं असं वाटतंय.

दोन मार्चच्या भाषणाचा सारांश कीरांकडे आहे. बाबासाहेब म्हणतात, आज आपण मंदिरात जाणार आहोत, पण तेवढ्याने आपला सगळा प्रश्न सुटणार नाही. प्रश्न राजकीय आहे, सामाजिक, धार्मिक, आर्थिक आहे. मंदिरप्रवेश हे हिंदू मनाला केलेलं आवाहन आहे.

मी हे भाषण अवतरणचिन्हांत घालून मराठीत सुंदर उतरवलं होतं. मॅडमनी परत पाठवलं. "भाषण कुठल्या भाषेत झालं असेल? मराठीत ना? तू वाचलंस कुठल्या भाषेत? इंग्रजीत. आता तू ते परत मराठीत आणलंस आणि अवतरणचिन्हं लावलीस. हे शब्द कुणाचे?" माझे. चिन्हं काढली. 'कीर यांनी दिलेल्या वृत्तांतानुसार' असं लिहून आशय माझ्या वाक्यात दिला. वाक्य फिकं झालं खरं.

मग एका मोठ्या कागदावर तीनच गोष्टी तारखेनुसार लिहिल्या. मार्च १९३० चं भाषण. १४ फेब्रुवारी १९३३ चं मंदिरप्रवेश विधेयकावरचं निवेदन. मार्च १९३४ चं पत्र. मधे पुणे करार, सप्टेंबर १९३२. तिघांपुढे एकच प्रश्न: हे कुणाला उद्देशून आहे?

भाषणात मंदिरप्रवेश हिंदू मनाला हाक देतो. तोंड बाहेर आहे, समोरच्याची परीक्षा चालली आहे. १९३३ च्या निवेदनात स्वर तुटक होतो. दारं उघडायची की नाही ते तुम्ही ठरवा, आमची उन्नती शिक्षण, नोकऱ्या आणि उपजीविकेची साधनं यांतून होईल. आणि मंदिरप्रवेश हे तुमचं शेवटचं ध्येय आहे की पहिली पायरी, ते सांगा. १९३४ च्या पत्रात त्याच सत्याग्रहाचा हेतू आपल्याच माणसांना जागं करणं असा सांगितला आहे. तोंड आता आत वळलंय.

म्हणजे 'दर्शनासाठी की हक्कासाठी' हा माझा मूळ प्रश्नच बाद. भाषणातही दर्शन हे टोक नव्हतंच. बदललंय ते हे, की सत्याग्रह कुणाशी बोलतो आहे असं त्याचा नेता मानतो. माझं विधान हेच. आणि पत्राला आपोआप जागा मिळाली. ते सुरुवातीचा पुरावा नाही, शेवटच्या टोकाचा आहे.

९ जानेवारी

मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, भाषण हजारो लोकांसमोरचं आणि पत्र एका माणसाला. फरक काळाचा कशावरून? जाहीर आणि खाजगी असण्याचाही असेल.

रात्रभर चिडचिड. ती बरोबर आहे. १९३३ चं निवेदन जाहीर आहे आणि त्यातही वळण दिसतं, एवढाच माझ्याकडे बचाव. तो पुरेसा भक्कम आहे असं मला वाटतं, पूर्ण नाही. आक्षेप निबंधातच मांडायचा आणि उत्तरही तिथेच द्यायचं. परीक्षेत आपण आपल्याविरुद्ध कधी लिहीत नाही.

१६ जानेवारी

पहिला पूर्ण मसुदा. ४,७०० शब्द. फार झाले.

उत्तराची रचना कालक्रमाने होती: पार्श्वभूमी, महाड, नाशिक, येवला, महत्त्व. मसुद्यातही नकळत तीच आली होती. मॅडमनी सांगितलं तसं प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच ओळ लिहिली, हा परिच्छेद विधानासाठी काय करतो. पाच परिच्छेदांपुढे मला काहीच लिहिता आलं नाही. त्यातले दोन महाडवर, एक मंदिर बांधणाऱ्या सरदार ओढेकरांवर, एक दांडीयात्रेवर, एक येवल्याच्या घोषणेवर.

महाड आणि ओढेकर गेले. दांडीयात्रा दोन वाक्यांत उरली: दहा दिवसांनी, १२ मार्चला ती सुरू झाली आणि बातम्यांची जागा तिकडे वळली. हे साधनांच्या परिच्छेदात चपखल बसतं. येवल्याने छळलं. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा नाशिक जिल्ह्यातलीच, सगळ्यांना पाठ असलेली, टाळ्या घेणारी. पण ती आणली की सगळं तिकडेच चाललं होतं असं वाटायला लागतं, आणि मी पत्राबाबत जी चूक केली तीच वाचणारा सत्याग्रहाबाबत करतो. काढली. आता सुरुवातीलाच प्रश्न, मग साधनं, मग तीन मजकूर, मग मैत्रिणीचा आक्षेप, मग मर्यादा.

२२ जानेवारी

तळटीपा. दिवसभर. बत्तीस झाल्या.

सगळ्यात जास्त वेळ 'उद्धृत' या शब्दाने खाल्ला. पोलीस अहवाल मी मूळ फाइलमध्ये पाहिलेला नाही, शासनाच्या छापील साधनग्रंथात वाचला आहे. तळटीपेत आधी अहवाल आणि त्याची तारीख, मग 'उद्धृत', मग ग्रंथ आणि पान. नुसता अहवाल लिहिला तर मी अभिलेखागारात जाऊन आले असं होतं. एका वर्गमित्राने सुचवलं, कोण बघतंय! मॅडम बघतात.

'पाच वर्षे सलग चाललेला सत्याग्रह' यातलं 'सलग' काढलं. थांबत, पुन्हा उभा राहत चालला तो. एक शब्द काढायला तीन पुस्तकं पाहिली.

३० जानेवारी

३,६२० शब्द. मर्यादांचा परिच्छेद पुन्हा लिहिला. आधी लिहिलं होतं, 'अधिक संशोधनाची गरज आहे.' हेही 'भ'च. आता असं आहे: तिन्ही मजकूर एकाच नेत्याचे आहेत, त्यांतून नेत्याची भूमिका कळते. दारावर बसलेल्या माणसांना दर्शन हवं होतं का, हे त्यांतून कळत नाही, आणि 'दर्शनासाठी नव्हता' असं त्या सगळ्यांच्या वतीने म्हणता येत नाही.

उत्तरातली सात वाक्यं शेवटी इथे येऊन पडली.

५ फेब्रुवारी

घरी मोठ्याने वाचून पाहिलं. अठ्ठावीस मिनिटं. साधनांचा भाग आणि तीन मजकूर एवढंच वाचणार, बाकी छापील प्रतीत. आजी पूर्ण वेळ बसली. रथाची तळटीप वाचायला लावली, वेळेत बसत नव्हती तरी.

७ फेब्रुवारी

वाचून झालं. एकवीस मिनिटं.

पत्रावर प्रश्न येतील म्हणून तयारी करून गेले होते, तिथे कुणी हातच घातला नाही. मागच्या बाकावरच्या प्रथम वर्षाच्या मुलीने विचारलं, "पहिल्या तुकडीतल्या पंचवीस बायकांची नावं मिळतात का?"

मी म्हटलं, मी ज्या पानांवर होते तिथे फक्त आकडा होता. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी त्या मुलीला साधनग्रंथाचा खंड कुठल्या कपाटात आहे ते दाखवलं.